ज्वारीच्या शिरेभोवतीचा रहाट

जानेवारीत सोलापूरकडच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी निसवलेली असते. तिचं एखादं पान तोडावं, ब्लेडने त्याचा अगदी पातळ आडवा काप घ्यावा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवावा आणि साध्या सूक्ष्मदर्शकातून पाहावं. पानभर एकसारखा हिरवा रंग दिसेल अशी अपेक्षा असते, पण तसं दिसत नाही. प्रत्येक शिरेभोवती टपोऱ्या, गडद हिरव्या पेशींचं एक कडं असतं आणि त्याच्या बाहेर लहान पेशींचं दुसरं कडं. जर्मन भाषेतल्या ‘पुष्पचक्र’ या अर्थाच्या शब्दावरून या रचनेला ‘क्रान्झ’ म्हणतात. ऊस आणि मक्याच्या पानातही ती अशीच दिसते.

हाच काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गेला की आणखी एक फरक दिसतो. पेशीतल्या हरितलवकांत थायलाकॉइड नावाच्या चपट्या पिशव्या असतात. बाहेरच्या कड्यातल्या पेशींत या पिशव्या भाकऱ्यांच्या चवडीसारख्या एकावर एक रचलेल्या असतात. आतल्या कड्यात, अगदी शिरेला चिकटून असलेल्या पेशींत, चवड जवळजवळ नाहीच. तिथे पिशव्या लांबच लांब, सुट्या पसरलेल्या असतात.

चवड नसणं हा केवळ आकाराचा फरक नाही. पाण्याचे तुकडे करून ऑक्सिजन सोडणारी यंत्रणा प्रामुख्याने चवडीत असते. म्हणजे ज्वारीच्या पानातल्या या सर्वांत गडद हिरव्या पेशी उन्हात न्हाऊनसुद्धा ऑक्सिजन जवळपास सोडतच नाहीत. शाळेत प्रकाशसंश्लेषणाची जी ओळख होते, तिच्या पहिल्याच ओळीत ऑक्सिजन असतो. आणि तरीही ज्वारीच्या साखरेतला कार्बन पक्का होण्याचं ठिकाण हेच आतलं कडं आहे.

या पेशी कशावर चालतात, हे समजून घ्यायचं तर पाठ्यपुस्तकातल्या एका जोडीकडे नीट पाहावं लागतं. चक्रीय आणि अचक्रीय प्रकाश-फॉस्फोरिलीकरण ही ती जोडी. विज्ञान शाखेचे विद्यार्थी तिचा फरक तक्त्यात लिहून पाठ करतात. एका रकान्यात एक प्रकाशप्रणाली, दुसऱ्यात दोन. एकात फक्त एटीपी, दुसऱ्यात एटीपी, एनएडीपीएच आणि ऑक्सिजन. तक्ता बरोबर आहे, पण झाडाला दोन वाटा कशाला लागतात, हे त्यात कुठेच येत नाही.

हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवायला पेशीला दोन वेगवेगळ्या गोष्टी लागतात. एक म्हणजे हायड्रोजनची भर घालणारे, जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन. ते एनएडीपीएच हा रेणू वाहून आणतो. दुसरी म्हणजे रासायनिक क्रिया पुढे ढकलण्याचं बळ; ते एटीपी देतो. केल्विन चक्रात कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू पक्का करायला एटीपीचे ३ आणि एनएडीपीएचचे २ रेणू खर्च होतात. हे ३ आणि २ लक्षात ठेवायचे. पुढची सगळी गोष्ट या दोन आकड्यांच्या ताळ्याची आहे.

आधी सरळ वाट पाहू, म्हणजे अचक्रीय. तिची सुरुवात प्रकाशप्रणाली २ पासून होते. (क्रमांक शोधाच्या ओघात पडले, वाटेतल्या क्रमाने नाहीत. दुसरी आधी आणि पहिली नंतर का, हा गोंधळ प्रत्येक विद्यार्थ्याचा होतो.) प्रकाशप्रणाली म्हणजे हरितद्रव्याचे शेकडो रेणू आणि प्रथिनं यांचा समूह. बरेचसे रेणू प्रकाश गोळा करून मधल्या केंद्राकडे सरकवतात. दुसऱ्या प्रणालीच्या केंद्राचं नाव पी ६८०, कारण ते ६८० नॅनोमीटर लांबीच्या लहरी, म्हणजे लाल प्रकाश, सर्वाधिक शोषतं. प्रकाशाचा कण तिथे पोहोचला की केंद्रातला एक इलेक्ट्रॉन उसळून शेजारच्या रेणूकडे जातो.

केंद्रात आता इलेक्ट्रॉनची उणीव पडते, आणि ती इतकी तीव्र असते की ती भरून काढायला पाण्यातून इलेक्ट्रॉन ओढून घेतले जातात. मँगनीजचे चार आणि कॅल्शियमचा एक अणू असलेला एक लहानसा गठ्ठा हे काम करतो. पाण्याच्या दोन रेणूंमधून तो चार इलेक्ट्रॉन काढतो, चार प्रोटॉन थायलाकॉइडच्या पोकळीत सोडतो आणि उरलेला ऑक्सिजनचा एक रेणू बाहेर जातो.

सुटलेला इलेक्ट्रॉन प्लास्टोक्विनोनकडे येतो. हा रेणू पटलाच्या तेलकट थरात मोकळा फिरतो आणि विहिरीवरच्या रहाटाच्या गाडग्यासारखा वागतो. दोन इलेक्ट्रॉन घेताना तो पिशवीबाहेरच्या द्रवातून दोन प्रोटॉनही उचलतो, पटल ओलांडतो आणि सायटोक्रोम बी६एफ या लोहयुक्त प्रथिनसंकुलाजवळ जाऊन ते प्रोटॉन पिशवीच्या आत ओततो. त्याने दिलेल्या दोन इलेक्ट्रॉनांपैकी एक पुढे जातो आणि दुसऱ्याला हे संकुल पुन्हा प्लास्टोक्विनोनच्याच हवाली करतं. या फेरवापरामुळे पुढे जाणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे एकाऐवजी दोन प्रोटॉन आत येतात.

पुढचा टप्पा प्लास्टोसायनिनचा. तांबं असलेलं हे छोटं निळसर प्रथिन पोकळीतून इलेक्ट्रॉन घेऊन प्रकाशप्रणाली १ पर्यंत जातं. तिथलं केंद्र पी ७००. एव्हाना इलेक्ट्रॉनची बरीच ऊर्जा खर्च झालेली असते, म्हणून इथे प्रकाशाचा दुसरा कण त्याला पुन्हा वर उचलतो. वरच्या पातळीवरून तो लोह आणि गंधक असलेल्या फेरेडॉक्सिनकडे येतो आणि फेरेडॉक्सिन एका विकराच्या मदतीने दोन इलेक्ट्रॉन एनएडीपीला देतं. एनएडीपीएच तयार होतं. पाण्यातून निघालेला इलेक्ट्रॉन इथे कायमचा गेला. तो परत पाण्याकडे येत नाही. म्हणून ही वाट अचक्रीय.

एटीपी मात्र या वाटेवर कुठेच थेट बनलेलं दिसत नाही. बरीच वर्षं शास्त्रज्ञांनाही ते सापडत नव्हतं. इलेक्ट्रॉन उतरताना एखादा खास रेणू तयार होत असेल आणि तो एटीपी बनवत असेल, असं मानून त्याचा शोध चालू होता. १९६१ मध्ये पीटर मिचेल यांनी वेगळीच कल्पना मांडली. त्यांच्या मते असा रेणू नाहीच; पटलाच्या एका बाजूला साठलेले प्रोटॉन हीच ऊर्जेची साठवण आहे. तेव्हा फार थोड्यांना ते पटलं.

१९६६ मध्ये आंद्रे जागेनडॉर्फ आणि अर्नेस्ट उरिबे यांनी पालकाच्या थायलाकॉइड पिशव्यांवर एक प्रयोग केला. त्यांनी पिशव्या आम्लात, सुमारे ४ सामू असलेल्या द्रावात, भिजवल्या. त्यामुळे आत प्रोटॉन भरले. मग त्या एकदम ८ सामूच्या द्रावात टाकल्या आणि त्यात एडीपी व फॉस्फेट घातलं. हे सगळं अंधारात चाललेलं. प्रकाशाचा एक कणही न पडता एटीपी तयार झालं. एटीपीसाठी प्रकाश थेट लागतच नाही, पिशवीच्या आत-बाहेर प्रोटॉनचा चढउतार असला की पुरे, हे त्यातून स्पष्ट झालं. मिचेल यांना १९७८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

म्हणजे प्रकाश-फॉस्फोरिलीकरणातलं ‘प्रकाश’ हे काम पाणी उपसण्याचं आहे. वर भरलेलं पाणी पन्हाळीतून खाली येताना जे चाक फिरवतं, ते एटीपी सिंथेस नावाचं विकर. हे चाक खरोखरच फिरतं. पालकाच्या हरितलवकात त्याच्या फिरत्या कड्यात १४ सारखे घटक असतात. प्रत्येक घटकामागे एक प्रोटॉन बाहेर पडतो. एक पूर्ण फेरा झाला की ३ एटीपी तयार होतात. म्हणजे १४ प्रोटॉनांमागे ३ एटीपी.

आता ताळा मांडता येतो. पाण्याच्या दोन रेणूंपासून सुरुवात करू. त्यांतून चार इलेक्ट्रॉन निघाले. प्रत्येकाला दोन ठिकाणी प्रकाश लागला, म्हणून प्रकाशाचे आठ कण खर्च झाले. शेवटी २ एनएडीपीएच मिळाले. केल्विन चक्राला लागतात तेवढेच. प्रोटॉन किती जमले? पाणी फुटताना ४ आणि सायटोक्रोमपाशी चार इलेक्ट्रॉनांमागे दोन-दोन म्हणजे ८, एकूण १२. पण ३ एटीपीसाठी चाकाचा पूर्ण फेरा हवा आणि त्याला १४ लागतात.

दोन प्रोटॉन कमी पडतात.

ही तूट लहान वाटते, पण ती एकदाच पडून थांबत नाही, प्रत्येक कार्बन डायऑक्साइडमागे पडत राहते. शिवाय १४ हा आकडा एकही प्रोटॉन वाया जात नाही असं धरून आलेला आहे, आणि पटलातून थोडी गळती होतेच. पेशीला प्रथिनं बांधायला, क्षार आत-बाहेर करायलाही एटीपी लागतं. सरळ वाट कितीही जोराने चालवली तरी फरक पडत नाही, कारण तिथे एटीपी आणि एनएडीपीएच एका ठरलेल्या प्रमाणातच तयार होतात. ती जास्त चालली की एनएडीपीएचचा साठा वाढतो, एटीपीची ओढ तशीच राहते आणि इलेक्ट्रॉन घ्यायला रिकामं एनएडीपी उरत नाही. इलेक्ट्रॉन मागे तुंबतात. तुंबलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या हाती लागले तर त्यातून विषारी रेणू तयार होतात आणि ते पहिल्या प्रणालीलाच इजा करतात.

इथे दुसरी वाट उपयोगी पडते. फेरेडॉक्सिनपर्यंत पोहोचलेला इलेक्ट्रॉन एनएडीपीकडे न जाता मागे, प्लास्टोक्विनोनकडे, परततो. तिथून पुन्हा सायटोक्रोम, प्लास्टोसायनिन, पी ७००, प्रकाशाचा एक कण, आणि पुन्हा फेरेडॉक्सिन. रहाटाची माळ वर जाऊन रिकामी खाली यावी आणि पुन्हा भरून वर जावी, तसा हा फेरा आहे. दुसऱ्या प्रणालीचा इथे संबंध नाही, पाणी फुटत नाही, ऑक्सिजन निघत नाही, एनएडीपीएच बनत नाही. प्रत्येक फेऱ्यात सायटोक्रोमपाशी दोन प्रोटॉन मात्र आत पडतात. वरच्या हिशेबातली तूट दोनच प्रोटॉनची होती. चार इलेक्ट्रॉन सरळ गेले आणि पाचव्या एकाने एक चक्र मारलं, की १४ पुरे होतात. प्रकाशाचे आठाऐवजी नऊ कण लागले, एवढंच.

शोधाचा इतिहास मात्र उलटा आहे. झाडाला पूरक असलेली ही वाट आधी सापडली. कॅलिफोर्नियात बर्कली इथे डॅनियल आर्नन आणि त्यांचे सहकारी पालकाच्या पानांतून हरितलवकं वेगळी काढून त्यांच्यावर काम करत होते. एटीपी बनवणं हे मायटोकाँड्रियाचं काम, हरितलवकाचं नव्हे, असं तेव्हा सर्वसाधारणपणे मानलं जाई. १९५४ मध्ये आर्नन यांनी दाखवलं की वेगळी काढलेली हरितलवकं उजेडात स्वतःच एटीपी तयार करतात. त्याच वर्षी ॲल्बर्ट फ्रेंकेल यांनी प्रकाशावर जगणाऱ्या जीवाणूंच्या पटलांत हेच पाहिलं. आर्नन यांच्या त्या प्रयोगात एटीपीखेरीज हाती काहीच लागत नव्हतं, ऑक्सिजनही नाही. एटीपी, एनएडीपीएच आणि ऑक्सिजन तिन्ही एकत्र मिळणारी वाट त्यांच्या गटाने तीनेक वर्षांनी वेगळी दाखवली आणि मग दोघींना चक्रीय व अचक्रीय अशी नावं पडली.

दोन प्रणाली आहेत हे कसं कळलं, तो धागा वेगळ्या प्रयोगशाळेतून आला. इलिनॉय विद्यापीठात रॉबर्ट इमर्सन शैवालावर वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश टाकून ऑक्सिजन मोजत असत. ६८० नॅनोमीटरच्या पलीकडे हरितद्रव्य प्रकाश शोषत असतं, पण ऑक्सिजनचं उत्पादन एकदम कोसळतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. १९५७ मध्ये त्यांनी त्या दूरच्या लाल प्रकाशाच्या जोडीला थोडा कमी लांबीच्या लहरींचा प्रकाश दिला. दोघांचं मिळून उत्पादन वेगवेगळ्या उत्पादनांच्या बेरजेपेक्षा जास्त निघालं. दोन यंत्रणा मालिकेत जोडलेल्या असल्या आणि दूरचा लाल प्रकाश त्यांतली एकच चालवत असला, तरच हे जमतं. १९६० मध्ये केंब्रिजच्या रॉबिन हिल आणि फे बेंडॉल यांनी त्या मालिकेचा आराखडा मांडला. इमर्सन तो पाहायला नव्हते. १९५९ मध्ये न्यूयॉर्कजवळ झालेल्या विमान अपघातात ते गेले.

इमर्सन यांचा दूरचा लाल प्रकाश चक्रीय वाट एकटी चालवायला अगदी योग्य आहे. ७०० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश पी ७०० ला उठवतो, पी ६८० ला फारसा नाही. दुसरा मार्ग रसायनाचा. डाययुरॉन हे तणनाशक उसाच्या शेतकऱ्यांच्या ओळखीचं आहे. प्रयोगशाळेत त्यालाच डीसीएमयू म्हणतात. दुसऱ्या प्रणालीत प्लास्टोक्विनोन जिथे येऊन बसतो, नेमकी तीच जागा ते अडवतं. इलेक्ट्रॉनला पुढे जायला वाट उरत नाही. पाणी फुटणं थांबतं, ऑक्सिजन थांबतो, एनएडीपीएच थांबतं. पण वेगळ्या काढलेल्या हरितलवकांत योग्य वाहक रेणू घालून उजेड दिला, तर डीसीएमयू असतानाही एटीपी तयार होतं. चक्र त्या अडवलेल्या जागेच्या पलीकडे फिरत असतं.

मग डाययुरॉन मारलेलं तण या चक्रावर तगत का नाही? एटीपी कितीही असलं तरी एनएडीपीएच नसेल तर साखर बनत नाही, हे एक कारण. त्याहून तातडीचं कारण दुसऱ्या प्रणालीतच आहे. तिचं हरितद्रव्य प्रकाश शोषतच राहतं आणि ऊर्जेला जायला जागा नसते. त्यातली काही ऊर्जा ऑक्सिजनला मिळून तो अतिशय क्रियाशील होतो आणि पटलांवर तुटून पडतो. म्हणून अशी पानं पिवळी पडून करपतात, आणि ती भर उन्हात लवकर करपतात. थोडी ऊर्जा लाल चकाकीच्या रूपाने बाहेर पडते. डाययुरॉन लावलेलं पान निळ्या प्रकाशात धरून लाल गाळणीतून पाहिलं तर निरोगी पानापेक्षा ते अधिक चकाकतं. सरळ वाट कुठे अडली आहे, हे ओळखण्याची ही एक सोपी खूण आहे.

चक्रीय वाट ओळखणं याच्या कितीतरी पट अवघड. सरळ वाटेचा वेग ऑक्सिजनवरून मोजता येतो. चक्राच्या शेवटी मोजण्याजोगं नवीन काही उरत नाही. इलेक्ट्रॉन तेच, तिथेच. एटीपी बनतं, पण जिवंत पानात ते बनताक्षणी खर्च होतं आणि ते कोणत्या वाटेचं हे त्यावर लिहिलेलं नसतं. म्हणून आडून अंदाज घ्यावा लागतो. पी ७०० ने इलेक्ट्रॉन गमावला की ते ८२० नॅनोमीटरच्या आसपासचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश थोडा जास्त शोषतं. पानावर दूरचा लाल प्रकाश टाकून तो अचानक बंद केला आणि ही शोषणाची खूण किती लवकर पुसली जाते ते पाहिलं, तर पी ७०० कडे इलेक्ट्रॉन किती वेगाने परत येतात हे कळतं. चक्र जोरात असेल तर खूण झटकन पुसली जाते. तरीही पेशीतल्या साठ्यातून, दुसऱ्याच वाटेने आलेले इलेक्ट्रॉन या मोजमापात मिसळतात. याच अडचणीमुळे कित्येक वर्षं पुष्कळ शास्त्रज्ञ चक्रीय वाट म्हणजे काचेच्या नळीतला प्रकार, जिवंत झाडात तिला फारसं स्थान नाही, असं मानत.

तो संशय झाडांनीच दूर केला. मोहरीच्या कुळातल्या अराबिडॉप्सिस या छोट्या रोपावर जनुकांचे प्रयोग करणं सोपं जातं. २००२ मध्ये जपानी संशोधकांनी त्याचं असं उत्परिवर्तित रोप शोधलं, ज्यात फेरेडॉक्सिनकडून प्लास्टोक्विनोनकडे परतीची एक वाट मोडलेली होती. हरवलेल्या प्रथिनाला पीजीआर५ म्हणतात. परतीची आणखी एक वाट एनडीएच नावाच्या मोठ्या संकुलातून जाते, हे आधीच माहीत होतं. नुसती एनडीएच नसलेली रोपं सौम्य उजेडात ठीक दिसत. २००४ मध्ये दोन्ही वाटा नसलेलं रोप तयार झालं, तेव्हा ते खुरटलेलं, फिकट निघालं. चक्र नसेल तर काय होतं, ते तिथे कुंडीत समोर उभं होतं.

एनडीएचची वाट हिशेबाच्या दृष्टीने जास्त किफायतशीर आहे. इलेक्ट्रॉन प्लास्टोक्विनोनकडे परतवतानाच ते संकुल स्वतः आणखी दोन प्रोटॉन आत ढकलतं. म्हणजे एका इलेक्ट्रॉनच्या एका फेऱ्यात दोनाऐवजी चार. ज्वारीच्या आतल्या कड्यात हे संकुल भरपूर आढळतं.

आता पुन्हा त्या कापाकडे येऊ. ज्वारीच्या पानात कार्बन डायऑक्साइड आधी बाहेरच्या कड्यातल्या पेशी पकडतात आणि मॅलेट नावाच्या चार कार्बनी आम्लाच्या रूपात आत पाठवतात. आतल्या हरितलवकात मॅलेट फुटतं आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो. त्याच वेळी मॅलेटमधले इलेक्ट्रॉन एनएडीपीला मिळून एनएडीपीएचचा एक रेणूही तयार होतो. म्हणजे मॅलेट आतल्या पेशीला वायू तर देतंच, वर बाहेर बनलेलं एनएडीपीएचही जणू बांधून आणून देतं.

कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूमागे खर्च कोणत्या कड्यात किती, ते मांडून पाहण्यासारखं आहे. केल्विन चक्राची पहिली क्रिया आत होते आणि तीन कार्बनी आम्लाचे दोन रेणू मिळतात. प्रत्येकाचं शर्करेत रूपांतर करायला एक एटीपी आणि एक एनएडीपीएच लागतं. पण आत मॅलेटने आणलेलं एनएडीपीएच एकच आहे. म्हणून दोनांपैकी सुमारे एक रेणू बाहेरच्या कड्याकडे परत पाठवला जातो आणि त्याचं रूपांतर तिथे होतं. आत उरलं एकाचं काम: एनएडीपीएच मॅलेटचं, एटीपी एक. चक्र पुन्हा सुरू करणारा रेणू घडवायला आणखी एक एटीपी. आतला एकूण खर्च: एटीपी २, आणि प्रकाशाने बनवायचं एनएडीपीएच शून्य.

बाहेरच्या कड्यात मॅलेट घडवायला एक एनएडीपीएच लागतं. परत आलेल्या आम्लासाठी एक एनएडीपीएच आणि एक एटीपी. मॅलेट देऊन रिकामा परतलेला वाहक रेणू पुन्हा तयार करायला दोन एटीपी. बेरीज: एटीपी ३, एनएडीपीएच २. म्हणजे बाहेरच्या पेशींची मागणी तंतोतंत गव्हा-भातासारख्या साध्या पिकाएवढीच आहे. तीच सरळ वाट आणि तीच दोन प्रोटॉनची तूट. सगळं जादा ओझं आत सरकवलेलं आहे, आणि ते निव्वळ एटीपीचं आहे. दोन एटीपीला ९ च्या वर प्रोटॉन लागतात. एनडीएचच्या वाटेने गेलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जेमतेम अडीच फेऱ्यांत ते भरतात. ज्या पेशीला फक्त एटीपी हवं, तिथे फक्त एटीपी देणारी वाट ठेवली आहे. दुसऱ्या प्रणालीला तिथे कामच नाही, म्हणून चवडही नाही.

शिवाय दुसरी प्रणाली नसण्यात एक मोठा फायदा आहे. कार्बन डायऑक्साइड पक्का करणारं रुबिस्को हे विकर कधी कधी चुकून ऑक्सिजनच पकडतं आणि मग आधी पक्का झालेला काही कार्बन गमावावा लागतो. ज्वारीचं रुबिस्को आतल्या कड्यात आहे आणि त्याच्या शेजारी ऑक्सिजन सोडणारी यंत्रणा नाही. तापलेल्या रानात, पानाची रंध्रं अर्धवट मिटलेली असताना, याचा पिकाला फार उपयोग होतो.

हा हिशेब आदर्श पानाचा आहे. प्रत्यक्षात मक्याच्या आतल्या कड्यात थोडीशी दुसरी प्रणाली शिल्लक असते. ज्वारीत ती त्याहूनही कमी. थोडा कार्बन मॅलेटऐवजी ॲस्पार्टेटच्या रूपातही आत जातो आणि तेवढं एनएडीपीएच कमी मिळतं. आणि चक्र फिरण्याला एक अटही आहे. फिरणारे इलेक्ट्रॉन मुळात कुठून तरी आलेले असावे लागतात, आणि ते नेमके तेवढेच असावे लागतात. सगळे वाहक रिकामे असतील तर फिरायला काही नाही. सगळे भरलेले असतील तर पुढच्याला इलेक्ट्रॉन द्यायला जागा नाही. दोन्ही वेळी रहाट थांबतो. आतल्या कड्यात गळतीने इलेक्ट्रॉन कमी झाले तर ते मॅलेटमधून आलेल्या एनएडीपीएचकडूनच भरून निघतात. म्हणजे ते मुळात बाहेरच्या कड्यात फुटलेल्या पाण्याचेच.

हेच सगळं उलट बाजूने तपासायचं तर कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या नाचणीचं पान घ्यावं. नाचणीलाही शिरेभोवती दोन कडी असतात, तिचाही कार्बन आधी बाहेर पकडला जातो आणि मग आत जातो. पण तो प्रामुख्याने ॲस्पार्टेटच्या रूपात जातो आणि कार्बन डायऑक्साइड मोकळा होण्याची क्रिया हरितलवकात नाही, मायटोकाँड्रियात घडते. त्यामुळे आतल्या हरितलवकांना आयतं एनएडीपीएच मिळत नाही. ते त्यांना स्वतः, पाणी फोडून, बनवावं लागतं. नाचणीच्या पानाचा काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की आतल्या कड्यातल्या हरितलवकांत थायलाकॉइडच्या चवडी नीट रचलेल्या दिसतात.